जुनी गाडी: शेजाऱ्याकडून घ्यावी की डीलरकडून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आजवर दोन जुन्या गाड्या घेतल्या. पहिली पुण्यातल्याच एका डीलरकडून, दुसरी २०२५ मध्ये कर्वेनगरच्या आमच्याच सोसायटीतल्या एका काकांकडून. पहिल्या गाडीच्या आरसीवर माझं नाव यायला सात महिने लागले. दुसरीच्या वेळी मी शहाणा झालो होतो, तरी तिथेही बँकेच्या एका जुन्या नोंदीने तीन आठवडे अडकवलं. तेव्हापासून सोसायटीत कुणी जुनी गाडी बघायला लागलं की जिन्यात थांबवून तेच ते प्रश्न विचारतं. त्यांची उत्तरं इथे एकदाच सविस्तर लिहितो आहे. काकांच्या गाडीचा हिशोब अधूनमधून येईल, कारण आकडे समोर असले की मुद्दा लवकर कळतो.

माणूस ओळखीचा आहे. मग इतकी तपासणी कशाला?

कारण ओळख माणसाशी असते, गाडीशी नसते. आमचे काका अगदी सरळ. पंधरा वर्षांची शेजारओळख, त्यांनी मला एक शब्दही खोटा सांगितला नाही. पण त्यांनाच माहीत नव्हतं की २०२० साली फेडलेल्या कर्जाचा बोजा आरसीवर अजून तसाच आहे. कर्वे रोडवरच्या सिग्नलची दोन चलनं थकली आहेत हेही त्यांना ठाऊक नव्हतं, कारण आरटीओकडे नोंदवलेला मोबाइल नंबर त्यांनी कधीच सोडून दिला होता. बोनेटखालच्या वायरी उंदराने कुरतडल्या होत्या, तेही नाही. यात लपवाछपवी कुठेच नाही. ज्यांची गाडी आठवड्यातून एकदा मंडईपर्यंत जाते, त्यांना या गोष्टी कळणार कशा?

डीलरच्या बाबतीत गाठ वेगळीच असते. त्याला गाडीतलं कळतं, पण गाडी बहुतेक वेळा त्याच्या नावावर नसते. ती कुणा तिसऱ्याच माणसाच्या नावावर असते आणि त्या माणसाला तुम्ही कधी पाहिलेलंही नसतं. म्हणून शेजाऱ्याकडे गाडी जास्त बारकाईने बघायची आणि डीलरकडे कागद, असं मी ठरवून ठेवलं आहे. दोन्हीकडे दोन्ही बघायचंच, पण जोर कुठे द्यायचा ते असं ठरतं.

काकांना “मेकॅनिक घेऊन येतो” म्हणायचं कसं? वाईट वाटेल ना.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि तो खरा आहे. मी संध्याकाळी वर जाऊन सरळ म्हटलं, “काका, रविवारी सकाळी माझ्या गॅरेजवाल्याला घेऊन येऊ का? राग मानू नका.” ते म्हणाले, “अरे, आण की. मलाही कळेल तिला काय काय झालंय ते.” काकूंनी वर चहा ठेवला.

अवघड होतं ते न विचारल्यामुळे. गाडी घेतल्यावर दुसऱ्या महिन्यात क्लच गेला की लिफ्टमध्ये भेटल्यावर दोघांनाही बोलायला जड जातं. त्यापेक्षा व्यवहाराआधीच एका कागदावर लिहून काढा: टायर जुने, बॅटरी संपत आलेली, मागच्या बंपरला ओरखडा, बाकी काही माहीत नाही. खाली दोघांच्या सह्या. पुढे काही निघालं, तर ते आधी माहीत होतं की नव्हतं यावर वाद होत नाही.

मेकॅनिक मात्र तुमचा हवा. विकणाऱ्याच्या ओळखीचा नको, आणि शक्यतो त्याच कंपनीच्या गाड्या रोज उघडणारा हवा.

काकांची गाडी नऊ वर्षांत फक्त ३१ हजार किलोमीटर चालली आहे. म्हणजे उत्तमच ना?

इंजिनासाठी बरं, बाकीच्यांसाठी नाही. पुण्यात अशा गाड्या भरपूर आहेत. मुलं परदेशात, घरात दोघंच, गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी. गाडी चालून झिजते तशी उभी राहूनही खराब होते. टायरचं रबर कडक होतं, बॅटरी दम सोडते, ब्रेकच्या डिस्कवर गंज धरतो, आणि पावसाळ्यात उबेला आलेले उंदीर वायरी कुरतडतात.

टायरचं वय कुणालाही वाचता येतं. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. काकांच्या गाडीवर २४१६ होतं, म्हणजे २०१६ सालचा चोविसावा आठवडा. गाडीचं पासिंग ऑगस्ट २०१६ चं, त्यामुळे हे टायर गाडीसोबत आलेले मूळचेच. नक्षी जवळजवळ नवीसारखी होती, पण वाकून पाहिलं तर कडेला बारीक भेगा. हे टायर घेऊन एक्स्प्रेस वेवर जायचं नाही, चारही बदलायचे. हीच युक्ती उलट बाजूनेही कामाला येते. मीटर २५ हजार दाखवतोय आणि चारही टायर नुकतेच बदललेले आहेत, तर पहिले टायर इतक्या लवकर का गेले हे विचारायलाच हवं.

मीटरवरच्या आकड्याला आधार सर्व्हिसच्या नोंदीचा. अधिकृत वर्कशॉपमध्ये प्रत्येक भेटीला किलोमीटर लिहिलेले असतात. मालक स्वतः गेला तर त्याला जुन्या नोंदी बघायला मिळतात, म्हणून मी काकांना सोबत नेलं. २०१७ मध्ये ६ हजार, २०१९ मध्ये साडेसतरा, २०२१ मध्ये २२ हजार. चढता क्रम, कुठे उडी नाही. त्याच आठवड्यात मी एका डीलरकडे तसंच मॉडेल बघत होतो, २०१७ चं. मीटर ५२ हजार दाखवत होता. सर्व्हिसची नोंद मिळवली, तर २०२२ मध्येच ६१ हजार लिहिलेले. डीलर म्हणाला, “साहेब, माझ्याकडे अशीच आली.” तसं असेलही. मी ती गाडी तिथेच सोडली.

तपासणीत नेमकं काय बघायचं?

सगळी यादी देत नाही, ती तुमचा मेकॅनिक करेल. तुम्ही स्वतः बघायच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, इंजिन थंड असताना सेल्फ मारायचा. म्हणून भेट सकाळची ठरवा आणि पोहोचल्यावर आधी बोनेटला हात लावा. कोमट लागलं तर गाडी तुमच्या आधीच सुरू करून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिनाची खडखड आणि सुरुवातीचा धूर गरम झाल्यावर कळत नाही. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जाळतंय. पांढरा धूर थंडीत क्षणभर येतोच, पण तो थांबला नाही तर कूलंट जळतंय असा संशय घ्या.

दुसरी, चढ. कोथरूडकडून चांदणी चौकाकडे जाताना जो चढ लागतो तो आम्हा लोकांची प्रयोगशाळा आहे. एसी लावून, चौघांना बसवून, तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबायचा. इंजिनाचा आवाज चढतोय पण गाडी तशीच रेंगाळतेय, तर क्लच घसरतोय. वर पोहोचल्यावर तापमानाचा काटा किंवा दिवा बघायचा.

तिसरी, पत्रा. दारं, बोनेट, डिकी यांमधल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का ते उन्हात उभं राहून बघा. बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर बोनेट कधीतरी काढलेलं आहे. काचांच्या कोपऱ्यातला शिक्का बघा. पाच काचा एका कंपनीच्या आणि एक वेगळी असेल तर ती का बदलली ते विचारा. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र बऱ्याच गॅरेजमध्ये असतं. कारखान्यातला रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो. एखाद्या दारावर ३०० च्या वर आकडा गेला तर खाली लांबी भरून पुन्हा रंगवलं आहे. दार रंगवलेलं असणं हा काही गुन्हा नाही, पुण्याच्या रहदारीत कुणाचं दार राहिलंय? पण पुढच्या चाकांच्या वर, इंजिनाच्या खोलीत, पत्र्याचे जोड पुन्हा वेल्डिंग केलेले दिसले तर ती गाडी जोरात आपटलेली आहे. ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

चौथी गोष्ट कागदावरची आहे आणि फार थोडे लोक बघतात. चालू विमा पॉलिसीवर नो क्लेम बोनस किती टक्के आहे ते वाचा. क्लेम न घेता पहिलं वर्ष गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५०. क्लेम घेतला की पुढच्या वर्षी तो शून्यावर येतो. नऊ वर्षांच्या, एकाच मालकाच्या गाडीच्या पॉलिसीवर २० टक्के दिसले तर मागच्या एक-दोन वर्षांत काहीतरी घडलेलं असण्याची शक्यता मोठी. ते काय होतं, हे शांतपणे विचारा. बोनस वाचवणारं जादा कव्हर घेतलेलं असेल किंवा मधे पॉलिसी नव्वद दिवसांपेक्षा जास्त काळ बंद पडली असेल तर हा हिशोब चुकतो, एवढं लक्षात ठेवा. काकांच्या पॉलिसीवर ५० टक्के होते.

पुरात बुडालेली गाडी ओळखायची कशी?

पुण्यात हा प्रश्न कुणी हसण्यावारी नेऊ नये. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा कात्रजपासून सहकारनगर, दांडेकर पुलापर्यंतच्या सोसायट्यांमधल्या गाड्या अक्षरशः वाहून एकमेकींवर चढल्या होत्या. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत तळमजल्याचं पार्किंग पाण्याखाली गेलं. अशा गाड्यांपैकी काही धुऊन पुसून पुन्हा बाजारात येतात. आणि हो, शेजाऱ्याकडच्याही असू शकतात. तुमच्याच सोसायटीत पाणी शिरलं असेल तर ते तुम्हाला आठवतच असेल.

आतून सेंटचा भपकारा आला तर आधी शंका घ्या. मग सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत बाहेर ओढा. बेल्टचा वरचा भाग कुणीही धुतो, पण आत गुंडाळलेल्या टोकाशी चिखलाची रेघ राहून जाते. डिकीतलं स्टेपनी उचला आणि खालच्या खोबणीत गाळ आहे का बघा. पुढच्या सीटखाली हात घाला. सीटच्या रुळांचे बोल्ट आणि एअरबॅगच्या वायरीचा जोड गंजलेला असेल तर पाणी तिथवर आलं होतं. पायपुसणी नव्हे, त्याखालचं कार्पेट एका कोपऱ्यातून उचलून दाबा. ओल, कुबट वास किंवा बारीक माती, यांतलं काहीही लागलं तर परत फिरा. अशा गाडीचं इंजिन एखादे वेळी दुरुस्त होतं, पण वायरिंग दोन पावसाळे तरी छळत राहतं. एक दिवस पॉवर विंडो, एक दिवस हेडलाइट, आणि नेमकं कारण कुणालाच सापडत नाही.

कागदांत सगळ्यात आधी काय बघायचं?

गाडीचा नंबर mParivahan ॲपमध्ये टाका. पासिंगची तारीख, इंधन, विमा आणि पीयूसीची मुदत, आरसी कधीपर्यंत वैध, बँकेचा बोजा आहे की नाही, हे त्यात दिसतं. आरसीवरचा चासी नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी स्वतः जुळवून घ्या. चलनांसाठी mahatrafficechallan.gov.in वर नंबर टाका. थकलेली चलनं विकणाऱ्यानेच भरायची, आणि इसार देण्याआधी.

बोजा दिसला तर कर्ज फिटलंय एवढ्यावर भागत नाही. बँकेचं ना-हरकत पत्र आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आरटीओत गेल्याशिवाय नोंद निघत नाही, आणि ती निघेपर्यंत नाव बदलत नाही. काकांकडे बँकेचं पत्र होतं, फाइलीत व्यवस्थित लावून ठेवलेलं, पण २०२० चं. या पत्राची मुदत साधारण तीन महिने असते. नवीन पत्र मिळवायला काका दोनदा शाखेत गेले, मी तिसऱ्यांदा सोबत गेलो. त्यातच तीन आठवडे गेले.

एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी नंबर प्लेट बसली आहे का तेही बघा. ती नसेल तर आरटीओतली कामं अडतात. काकांनी ती आधीच बसवली होती.

डीलरकडे कागदांत वेगळं काय विचारायचं?

एकच प्रश्न, आणि त्याचं उत्तर लेखी मागायचं: गाडी आज कुणाच्या नावावर आहे आणि ती तुमच्याकडे कोणत्या हक्काने उभी आहे?

आजही अनेक ठिकाणी असं चालतं. मूळ मालक डीलरला गाडी देतो आणि कोऱ्या टीटी फॉर्मवर, म्हणजे नावबदलाच्या अर्जावर, सह्या करून मोकळा होतो. डीलर ती दुसऱ्या डीलरला देतो, तो तिसऱ्याला. आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच. याला बाजारात ओपन पेपर म्हणतात. तुम्ही घेता तेव्हा सह्या जुन्या झालेल्या, मालकाचा फोन बंद, आणि ओटीपी जातो तो त्याच्याच नंबरवर. माझ्या पहिल्या गाडीचे सात महिने असेच गेले. मालक नाशिकला बदलून गेला होता आणि डीलर रोज “या आठवड्यात होतंय” म्हणत होता. मी पूर्ण पैसे पहिल्याच दिवशी दिले होते, त्यामुळे त्याला घाई असण्याचं काही कारणच उरलं नव्हतं.

१ एप्रिल २०२३ पासून केंद्राच्या नियमांत यावर उपाय आहे. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं असतं, तो फॉर्म २९बी. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९सी ने ती गोष्ट पोर्टलवर कळवायची. त्यानंतर त्या गाडीची जबाबदारी डीलरवर येते आणि नावबदलाचा अर्जही तो करू शकतो. मूळ मालकाला शोधत फिरायची वेळ येत नाही. म्हणून दुकानात शिरल्यावर आधी अधिकारपत्र दाखवायला सांगा, आणि तुमच्या पसंतीच्या गाडीचं २९सी झालं आहे का विचारा. झालं नसेल तर मूळ मालकाशी समोरासमोर किंवा निदान व्हिडिओ कॉलवर बोलल्याशिवाय इसार देऊ नका.

गाडी दुसऱ्या राज्याची असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि महाराष्ट्राचा कर, दोन्ही आले. दिल्लीकडे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदी आल्यापासून तिकडच्या डिझेल गाड्या इकडे स्वस्तात दिसतात. किमतीत हा कर मिळवल्याशिवाय त्या स्वस्त आहेत असं समजू नका.

नाव बदलायला उशीर झाला तर बिघडतं काय? गाडी तर माझ्या दारात आहे.

कायद्याच्या नजरेत ती अजून आरसीवर नाव असलेल्याची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट सांगितलं की, गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून गेलेली असो, अपघाताच्या नुकसानभरपाईला नोंदणीकृत मालक जबाबदार. म्हणजे तुमच्या हातून अपघात झाला तर नोटीस काकांच्या घरी. सत्तरीतल्या माणसावर आपण ही वेळ आणायची का, हा विचार मला तरी सोडत नव्हता.

विम्याचंही तसंच. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचं कव्हर गाडीबरोबर तुमच्याकडे येतं. पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर पॉलिसी तुमच्या नावावर झाल्याशिवाय मिळेल असं धरून चालू नका. त्यासाठी कंपनीकडे अर्ज १४ दिवसांत करायचा. काकांचा ५० टक्के बोनस मात्र मला मिळाला नाही. तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो. पॉलिसीचे जेवढे महिने उरले होते तेवढ्यांची सवलत कंपनीने माझ्याकडून वसूल केली. विकणारा पुढे नवी गाडी घेणार असेल तर त्याने कंपनीकडून बोनसचं पत्र घेऊन ठेवावं, ते तीन वर्षं चालतं.

मग पैसे कधी आणि कसे द्यायचे?

नाव बदलल्यावर शेवटचा हप्ता. दोन्हीकडे, शेजारी असो वा डीलर.

काकांनी ३ लाख १० हजार सांगितले होते. टायर, बॅटरी आणि वायरिंगचा अंदाज समोर ठेवून आम्ही २ लाख ९० हजारांवर आलो. इसार २० हजार. बँकेचं नवं पत्र आल्यावर, फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० वर सह्या, चासी नंबराची पेन्सिल प्रिंट आणि गाडीचा ताबा, या दिवशी २ लाख २० हजार. उरलेले ५० हजार mParivahan वर माझं नाव दिसल्यावर. सगळे बँकेतून, रोख काही नाही. काकांना ही कल्पना आधी थोडी खटकली. मी म्हटलं, “काका, यात तुमचाही फायदा आहे. नाव बदललं की तुम्ही जबाबदारीतून सुटलात, आणि मला ते लवकर करायला भाग पडेल.” मग ते हसून तयार झाले.

ताब्याच्या दिवशी साध्या कागदावर ताबा पावती केली. तारीख, वेळ, मीटरचा आकडा, दोन्ही चाव्या मिळाल्याची नोंद, आणि या वेळेनंतरची चलनं व अपघात माझी जबाबदारी असं वाक्य. त्याने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बदलत नाही, पण चार दिवसांनी चलन आलं तर ते कुणाचं यावर वाद उरत नाही.

डीलर शेवटचा हप्ता रोखू देत नाही म्हणतो. १० हजार तरी रोखा आणि पावतीवर लिहून घ्या. अजिबातच ऐकत नसेल, तर तिथून उठा. पुण्यात गाड्यांना काही तोटा नाही.

डीलर ७५ हजार जास्त सांगतो. ते कशाचे?

त्याचा नफा, त्या नफ्यावरचा जीएसटी, जागेचं भाडं, थोडी डागडुजी आणि कधी वॉरंटी. जानेवारी २०२५ पासून जुन्या गाड्यांवर डीलरच्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी आहे. पूर्ण किमतीवर नाही, हे कुणी चुकीचं सांगितलं तर लक्षात असू द्या. खासगी माणूस स्वतःची गाडी विकतो तेव्हा जीएसटी लागत नाही.

माझा हिशोब असा होता. काकांच्या गाडीला चार टायर १८,४००, बॅटरी ५,२००, ऑइल-कूलंट-ब्रेकसह सर्व्हिस ९,४०० आणि वायरिंग २,५००. म्हणजे ३५,५०० आणि गाडी पडली ३,२५,५०० ला. डीलरची गाडी एक वर्ष नवी, ३,८५,००० सांगून ३,७०,००० पर्यंत आली होती. फरक साडेचव्वेचाळीस हजारांचा. मीटरची भानगड नसती तर मी एकदा विचार केला असता, कारण डीलरकडे दोन गोष्टी मिळतात ज्या शेजाऱ्याकडे मिळत नाहीत. एक, दहा गाड्यांतून निवड. दोन, फसवणूक झाली तर ग्राहक आयोगाचं दार. शेजाऱ्याने आपली गाडी एकदा विकली तर तो व्यापारी ठरत नाही, त्यामुळे तिथे ते दार उघडत नाही.

वॉरंटीचा कागद मात्र वाचाच. बहुतेकांत इंजिन आणि गिअरबॉक्सच असतं. क्लच, ब्रेक, सस्पेन्शन, बॅटरी, एसी, म्हणजे जुन्या गाडीत जे खरोखर जातं, ते बाहेर ठेवलेलं असतं.

गाडी वारलेल्या काकांच्या नावावर आहे, विकतायत काकू. चालेल?

थेट तुमच्या नावावर घेऊ नका. आधी फॉर्म ३१ वर वारसाच्या नावावर होऊ द्या. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद लागतात. मुलं परदेशात असतील तर त्यांची संमती यायला वेळ लागतो. काकूंना आरटीओत एकटं पाठवू नका, सोबत जा. वारलेल्या माणसाची सही असलेला जुना टीटी फॉर्म कुणी “चालतंय हो” म्हणून पुढे केला तर हात लावू नका. ती खोटी कागदपत्रं ठरतात.

आरटीओत एजंट लावावा का?

मी लावला नाही. अर्ज parivahan.gov.in वर भरता येतो आणि नावबदलाचं सरकारी शुल्क काही शे रुपयांत आहे. मुख्य गोष्ट म्हणजे विकणाऱ्याचा चालू मोबाइल नंबर गाडीच्या नोंदीत हवा. आम्ही आधी तो बदलून घेतला. नाहीतर ओटीपी भलत्याच कुणाच्या फोनवर जात राहिला असता. ज्यांना वेळ नाही त्यांनी एजंट लावला तरी हरकत नाही, फक्त कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, ना विकताना ना घेताना.

फास्टॅगचं काय?

काकांनी आपला बँकेतून बंद केला, मी माझा नवा काढला. हे ताबा घेतला त्याच दिवशी करा. आम्ही चार दिवस विसरलो आणि माझ्या खेड शिवापूरच्या टोलचे पैसे काकांच्या खात्यातून गेले. रात्री वर जाऊन परत देऊन आलो, तेव्हा काकूंनी पुन्हा चहा ठेवला.